साठ हजारांचा पीओ, सव्वीस हजारांची उचल

"नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी शॉप आहे. एका कंपनीने वर्षाला ६०,००० पिनांचा ओपन पीओ दिला. महिन्याला ५,००० उचलू म्हणाले. संख्या मोठी म्हणून ६० रुपयांचा दर मी ५८ वर आणला. चार महिने सुरळीत गेले, म्हणून चौथ्या महिन्याच्या शेवटी एकदम ८ टन बार घेऊन ठेवला. त्यानंतर शेड्यूल आलं ३,०००, मग २,०००, मग १,०००, आणि आठव्या महिन्यात शून्य. ४,००० पीस मशीनिंग होऊन प्लेटिंगविना पडलेत. आता अचानक आठवड्यात ९,००० द्या म्हणतायत, तेही जुन्याच दराने. स्टील मात्र किलोला ७८ चं ८४ झालंय. पीओ त्यांनीच पाळला नाही, तर मी सप्लाय थांबवू शकतो का? आणि पुढच्या वर्षाचाही असाच ६०,००० चा पीओ येऊ घातलाय, तो घेऊ का?"
— एक उद्योजक, अंबड

पीओचा कागद पुन्हा काढा आणि त्यात एकच गोष्ट शोधा: ६०,००० या आकड्याशेजारी काय लिहिलंय? बहुतेक 'अंदाजे', 'टेंटेटिव्ह' किंवा 'शेड्यूलप्रमाणे' यांपैकी काहीतरी सापडेल. तसं असेल तर तुमच्या पार्टीने पीओ मोडलेलाच नाही. ५८ हा दर तुम्हाला बांधून ठेवतो, ६०,००० हा आकडा त्यांना बांधत नाही. मी अकरा वर्षं परचेसच्या खुर्चीत बसलो आणि असे शेकडो पीओ काढले, म्हणून हे लाज बाळगूनच सांगतो. वार्षिक संख्या आम्ही दर पाडायला वापरायचो. ती सेल्सच्या बजेटमधून यायची, आणि बजेट कधीही कमी धरलेलं नसतं.

कायद्यातही ही गोष्ट जुनीच आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे १८९९ साली बेंगाल कोल कंपनी आणि होमी वाडिया अँड कंपनी यांचा वाद आला होता. ठरलेल्या दराने बारा महिने लागेल तसा कोळसा द्यायचा, असा करार होता, आणि कोळसा देणाऱ्याने मध्येच हात वर केले. न्यायालय म्हणालं, घेणाऱ्यावर एक टनही घेण्याचं बंधन नाही, तेव्हा हा पूर्ण करार नाही. ही एक उघडी ठेवलेली ऑफर आहे. ती मागे घेण्याआधी जी ऑर्डर आली, तेवढ्यापुरता मात्र पक्का करार झाला. पुढे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विड्यांच्या पुरवठ्याच्या एका प्रकरणात हीच वाट धरली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. आलेल्या शेड्यूलचा माल थांबवू नका, तो करार झालेला आहे. पुढचं शेड्यूल यायच्या आत मात्र 'आता हा दर परवडत नाही' असं लेखी कळवायची मोकळीक तुम्हाला आहे. एक सावधगिरी: पीओच्या मागच्या बारीक अक्षरांत 'दर मुदतभर कायम' आणि 'रिस्क परचेस' ही दोन कलमं आहेत का बघा. दुसऱ्या कलमाचा अर्थ असा की तुम्ही माल दिला नाही तर ते बाहेरून घेणार आणि जास्तीचे पैसे तुमच्या बिलातून कापणार. दोन्ही असतील तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला एकदा दाखवा.

आता ९,००० चं बोलू. पीओत महिन्याला ५,००० असं लिहिलेलं असेल, तर आठवड्यात ९,००० ही मागणी तुमच्या ऑफरमध्ये बसतच नाही. दराला 'नाही' म्हणता येणार नाही, पण तारखेला म्हणता येतं. फक्त 'जमणार नाही' म्हणू नका, तारखा मांडा. तुमची सायकल मला माहीत नाही, म्हणून पीसला अडीच मिनिटं आणि दोन शिफ्ट मिळून १८ तास मशीन चालतं असं धरतो. दिवसाला साधारण ४३० पीस निघतील. ४,००० पडलेलेच आहेत. ते आज प्लेटिंगला टाकले तर चारेक दिवसांत परत येतील, म्हणजे या आठवड्यात जातील. उरलेले ५,००० कापायला १२ दिवस, शेवटच्या लॉटच्या प्लेटिंगला आणखी ४. मेलमध्ये लिहा: या आठवड्यात ४,०००, पुढच्यात २,०००, बाकीचे ३,००० सोळा-सतरा दिवसांत. त्यांची लाइन एका दिवसात ९,००० पिना खात नाही, हे त्यांच्या स्टोअरवाल्यालाही ठाऊक असतं. शून्यानंतर एकदम आलेला मोठा आकडा बहुतेक वेळा कुणाच्या तरी विसरलेल्या प्लॅनिंगचा असतो.

या ९,००० वर स्टीलची दरवाढ मागू नका, असं माझं मत आहे. तुम्ही रागावाल, पण तो बार तुम्ही ७८ नेच घेतलेला आहे. परचेसवाल्याने बारचं बिल मागितलं की तुमची बाजू पहिल्याच फेरीत लंगडी पडते. मागायचं असेल ते पुढच्या मालासाठी मागा, आणि हिशेब मांडून मागा.

हिशेब असा. बार ३२ मिलीचा गोल धरतो, आणि व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे आपलं रोजचं सूत्र. १०२४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ६.३२ किलो. पिनेला कटिंग आणि फेसिंगसकट ६५ मिली लागतात असं धरलं, तर पीसमागे ०.४१ किलो बार. किलोला ६ रुपये वाढले, म्हणजे पीसमागे २ रुपये ४६ पैसे. पण तयार पीस ०.२६ किलोचा असेल तर ०.१५ किलोचं टर्निंग निघतं, आणि बार महागला की भंगारही चढतं. भंगार किलोला २ रुपयांनी चढलं असेल तर ३० पैसे वजा करा. तुमची खरी वाढ २ रुपये १६ पैसे. भंगार आपणहून वजा करा. समोरचा माणूस नवखा नसेल तर तो ते विचारणारच, आणि तुम्ही आधीच धरलेलं दिसलं की बाकीच्या आकड्यांवर तो फार वाद घालत नाही.

आता तुमच्या शॉपमध्ये अडकलेला पैसा. ८ टनांतून शेवटच्या तीन शेड्यूलचे ६,००० आणि पडलेले ४,००० मिळून १०,००० पीस निघाले, म्हणजे ४.१ टन संपले. ३.९ टन उरला. ७८ च्या भावाने तो ३ लाख ४ हजारांचा. प्लेटिंगचे अंदाजे चार रुपये वगळून ४,००० पीस ५४ ने धरले तर २ लाख १६ हजार. एकूण ५ लाख २० हजार. बँकेचं १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ५,२०० रुपये नुसते उभे राहायचे. शिवाय दरात दोन रुपये सोडलेत, त्याचे आतापर्यंतच्या २६,००० पिसांवर ५२,००० गेले. ते दोन रुपये तुम्ही साठ हजारांसाठी सोडले होते.

इथे अनेकजण एमएसएमई कायद्याकडे धावतात. २००६ च्या त्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हे सगळं खरं. पण ते घड्याळ माल पोचून स्वीकारला गेला की सुरू होतं. तुमच्या रॅकवर पडलेल्या पिना आणि कोपऱ्यातला बार त्याला दिसत नाही. ओपन पीओत नुकसान तिथेच होतं, म्हणून तिथलं संरक्षण पीओतच लिहून घ्यावं लागतं.

ते कसं, हे सांगण्याआधी चूक कुठे झाली ते दाखवतो, कारण नवा पीओ कितीही चांगला लिहिला तरी हे रजिस्टर लागणारच आहे. एका पानावर तीन रकाने ठेवा, तिन्ही जमेचे: ठरलेली संख्या, आलेलं शेड्यूल, गेलेला माल. तुमच्या बाबतीत चौथ्या महिन्याला २०,००० आणि २०,०००. पाचव्याला २५,००० समोर २३,०००. सहाव्याला ३०,००० समोर २५,०००. महिन्याचा आकडा सुटा पाहिला तर 'या महिन्यात जरा कमी' एवढंच वाटतं. जमेचा आकडा सहाव्या महिन्यातच सांगत होता की पार्टी पूर्ण एक महिना मागे पडली आहे. माझा नियम असा: एका महिन्याएवढी तफावत पडली की नव्या बारची खरेदी बंद आणि शेड्यूलपेक्षा एकही पीस जास्त कापायचा नाही. मशीन रिकामं राहतंय म्हणून पुढचे पीस मारून ठेवायचा मोह होतो. त्या मोहाचेच ४,००० पीस तुमच्या रॅकवर आहेत.

आता नवा पीओ. घ्या, पण ५८ चा एकच दर घेऊ नका. टप्प्यांचा दर द्या: पहिल्या ४०,००० ला ६० रुपये, पुढच्या २०,००० ला ५४. गणित करून बघा. चाळीस हजारांचे २४ लाख, वीस हजारांचे १० लाख ८० हजार, एकूण ३४ लाख ८० हजार. भागिले ६०,००० म्हणजे बरोबर ५८. त्यांनी सांगितलेली संख्या खरोखर उचलली तर त्यांचा एक पैसाही जास्त जात नाही. ३५,००० वरच थांबले तर तुम्हाला ६० मिळालेला असतो, आणि वर्षअखेरीस फरकाच्या डेबिट नोटसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. या प्रस्तावाला परचेसवाला 'नाही' म्हणाला, तर त्याचाच त्याच्या साठ हजारांवर विश्वास नाही, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं.

तो एक खरी अडचण काढेल: 'आमच्या सिस्टीममध्ये एका आयटमला एकच दर बसतो.' त्यावर उपाय आहे. पीओत दोन ओळी काढायला सांगा, पहिली ४०,००० ची, दुसरी २०,००० ची. नाहीतर पीओ ४०,००० चाच काढा, संपला की अमेंडमेंट. हे ६० आणि ५४ जुन्या स्टीलच्या भावावरचे आहेत हेही विसरू नका. दोन्हींत वरचे २ रुपये १६ पैसे धरायचे. आणि तुमचा दुसऱ्या टप्प्याचा दर मटेरियल, प्लेटिंग, टूल आणि ऑपरेटरचा पगार निघून काही उरेल असा आहे का, हे स्वतः बसून तपासा. माझे आकडे फक्त दाखवण्यापुरते आहेत.

दुसरी गोष्ट शेड्यूलची. आपल्याकडे वाहन उद्योगाच्या पुरवठादारांना महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचं शेड्यूल येतं आणि सोबत त्यापुढच्या दोन महिन्यांचा अंदाज. पहिला महिना पक्का आणि बाकी अंदाज, असं सगळे तोंडी म्हणतात. तुम्ही लिहून घ्या की पहिल्या महिन्याचं शेड्यूल रद्द केलं तर तयार मालाचे पैसे त्यांचे, दुसऱ्या महिन्याचं रद्द केलं तर कच्च्या मालाची जबाबदारी त्यांची, तिसऱ्याची कुणाचीच नाही. ही काही आपण काढलेली शक्कल नाही. कंपनीकडे सॅप असेल तर शेड्यूलिंग अॅग्रीमेंटच्या आयटममध्ये यासाठी `Firm Zone` आणि `Trade-Off Zone` अशी दोन फील्ड असतात. पहिल्यात उत्पादन आणि मटेरियल दोन्हींची जबाबदारी, दुसऱ्यात फक्त मटेरियलची. आम्ही ती बहुतेक वेळा रिकामी सोडायचो, कारण कुणी विचारायचंच नाही. तुम्ही विचारा.

त्यातच आणखी दोन ओळी घाला. पक्क्या शेड्यूलपेक्षा २० टक्क्यांहून जास्त मागणी आली तर तारीख तुम्ही सांगाल. आणि शेड्यूलमध्ये आलेला पण न उचललेला माल ९० दिवसांत उचलायचा, नाहीतर त्याचं बिल होईल. दुसरी ओळ मिळणं कठीण आहे, मी खोटी आशा दाखवत नाही. पण घासाघिशीत काहीतरी सोडावं लागतंच. ती सोडा, पहिल्या दोन महिन्यांची जबाबदारी सोडू नका. स्टीलचा मूळ भाव किती धरला, तो कोणत्या तारखेचा, आणि दर तिमाहीला किती किलोवर फरक द्यायचा, हे मात्र पीओच्या अंगावरच हवं. मेलवर ठरलेल्या गोष्टी तो परचेसवाला बदलून गेला की कुणालाच आठवत नाहीत.

जे तुम्ही वर मागाल, ते खाली बारवाल्याकडूनही घ्या. ५,००० पिसांना महिन्याला २.०५ टन बार लागतो. डीलरशी तीन महिन्यांचा दर ठरवा, उचल महिन्याला दोन टन. एकदम ८ टन घेतल्यावर जी सूट मिळाली होती, ती त्याच मालाच्या आतापर्यंतच्या व्याजाशी ताडून बघा. माझ्या अंदाजाने तिचं काही उरलेलं नाही. तुमच्या हातातला बार कधीही पक्क्या महिन्यापेक्षा आणि मटेरियलची जबाबदारी घेतलेल्या महिन्यापेक्षा जास्त नको. या दोन महिन्यांपलीकडच्या शेड्यूलवर बार घेणं म्हणजे बाजारात तुरी.

सध्याच्या पीओचे उरलेले तीन-चार महिने कसे काढायचे? ९,००० गेल्यावर तुमच्याकडे साधारण ४,५०० पिसांपुरता, पावणेदोन टनांच्या वर बार उरेल. तो संपेपर्यंत ५८ चा दर चालू ठेवा, पण हे लेखी सांगा. मेल तुम्ही इंग्रजीतच पाठवाल, मजकूर साधारण असा ठेवा: 'पीओ ६०,००० चा, आजवरची उचल २६,०००. ९,००० चं शेड्यूल मिळालं, तारखा सोबत. त्यानंतर आमच्याकडे ४,५०० पिसांचा जुन्या दराचा बार शिल्लक राहील. तेवढा माल ५८ नेच देऊ. त्यापुढच्या प्रत्येक शेड्यूलला ६० अधिक मटेरियलचा फरक, तक्ता जोडला आहे.' रागाचं एकही वाक्य नको, 'तुम्ही शब्द दिला होता' हे तर मुळीच नको. ज्याने शब्द दिला तो मेल वाचणारच नाही, वाचणारा नवीन असेल. आणि हा मेल पुढचं शेड्यूल यायच्या आत गेला पाहिजे. ऑर्डर येऊन पडल्यावर दर वाढवण्यात कायद्यानेही काही अर्थ नाही.

एक शेवटचं, आणि हे आजच करा. मी नोकरी सोडून स्वतःचं शॉप टाकलं तेव्हा एका पार्टीचे सात हजार बुश असेच पुढच्या शेड्यूलसाठी मारून ठेवले होते. तीन महिने शेड्यूल आलं नाही. मग आलं, आम्ही आनंदाने माल भरून पाठवला आणि चौथ्या दिवशी सगळा परत. मधल्या काळात ग्रूव्ह दीड मिलीने सरकवलेला, ड्रॉइंग बी वरून सीवर गेलेलं. नव्या शेड्यूलच्या कोपऱ्यात 'रेव्ह सी' लिहिलेलं होतं, आमच्या कुणी वाचलंच नाही. सात हजार बुश भंगारात, वर प्लेटिंगचे पैसे गेले ते वेगळेच. पार्टीचं म्हणणं, आम्ही तर शेड्यूल दिलंच नव्हतं. ते बरोबरही होतं.

तुमच्याकडे शेड्यूल मध्येच शून्यावर आलं आणि मग एकदम उसळलं. डिझाइन बदलताना नेमकं असंच होतं: जुना स्टॉक संपवतात, मग नव्याची घाई. तेव्हा ते ४,००० पीस प्लेटिंगच्या टेम्पोत चढवण्याआधी ९,००० च्या शेड्यूलवरचं रिव्हिजनचं अक्षर आणि तुमच्या मशीनवर चिकटवलेल्या ड्रॉइंगवरचं अक्षर शेजारी ठेवून बघा. शेड्यूलवर अक्षरच नसेल तर फोन नको, मेल करून विचारा आणि उत्तर येईपर्यंत टेम्पो थांबवा.